एक टक्क्याची सवलत, दोन नावं आणि सव्वादोन वर्षांनी आलेली नोटीस

नोटिशीत मागितलेली रक्कम होती १,२१,२०० रुपये, आणि त्यावर दरमहा दोन टक्के दंड. दस्त नोंदवलेला, गृहकर्ज चालू, सोसायटीत नाव लागलेलं, मिळकतकर खरेदीदारांच्या नावानं येतोय. अशा घरात ऑक्टोबर २०२४ मध्ये मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यालयाचं पत्र आलं: आपल्या दस्तात शासकीय महसुलाची तूट आढळली आहे, सात दिवसांत म्हणणं मांडा, नाहीतर जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली केली जाईल. शेवटी या प्रकरणात तूट भरली गेली ती ६८,००० रुपये. उरलेले ५३,२०० रुपये आणि त्यांच्यावरचा दंड भरावा लागला नाही. कारण नोटिशीतली एक चूक खरेदीदारांची होती आणि दुसरी हिशेब करणाऱ्यांची. त्या दोन चुका वेगळ्या काढणं हेच या प्रकरणातलं मुख्य काम होतं, म्हणून ते सविस्तर लिहिते आहे. पक्षकारांची ओळख पटू नये म्हणून नावं दिलेली नाहीत आणि आकडे थोडे बदलून सोपे केले आहेत. हिशेबाची पद्धत मात्र तीच आहे.

पुण्यात सिंहगड रस्त्यालगतच्या एका जुन्या सोसायटीतला हा पुनर्विक्रीचा फ्लॅट. खरेदीखत १६ जून २०२२ रोजी करून दिलं आणि त्याच दिवशी नोंदवलं. मोबदला ६८ लाख, सरकारच्या वार्षिक मूल्य दर तक्त्याप्रमाणे बाजारमूल्य ६३ लाख. मुद्रांक शुल्क या दोनपैकी जी रक्कम जास्त तिच्यावर लागतं, म्हणजे इथे ६८ लाखांवर. पुणे महापालिका हद्दीत एप्रिल २०२२ पासून निवासी फ्लॅटच्या खरेदीवर एकूण सात टक्के पडतात: मूळ शुल्क पाच टक्के, स्थानिक संस्थेचा अधिभार एक टक्का आणि मेट्रोसारख्या प्रकल्पांसाठीचा अधिभार एक टक्का. सात टक्क्यांनी ४,७६,००० रुपये होतात. या दस्तावर भरले होते ४,०८,०००, म्हणजे सहा टक्के.

हा एक टक्का कमी का भरला, याचं कारण दस्ताच्या पहिल्याच पानावर होतं. १ एप्रिल २०२१ पासून राज्य सरकारनं निवासी घर महिलेच्या नावे घेतल्यास शुल्कात एक टक्का सवलत दिली. फ्लॅट सुरुवातीला फक्त बायकोच्या नावावर घ्यायचा ठरला होता. मसुदा तसाच झाला, चलनही तसंच काढलं. मग बँकेनं कर्जासाठी नवऱ्याला सहकर्जदार घेतलं आणि सहकर्जदाराचं नाव मालकीतही असावं असा आग्रह धरला. नोंदणीच्या आदल्या दिवशी मसुद्यात ‘लिहून घेणार क्र. २’ म्हणून नवऱ्याचं नाव आलं. चलन मात्र बदललं नाही. सवलतीची अट अशी की सर्व खरेदीदार महिला हव्यात. आई आणि मुलगी, दोघी बहिणी, सासू आणि सून मिळून घेत असतील तर सवलत मिळते. पती-पत्नी मिळून घेत असतील तर ती मिळत नाही, अर्धीही नाही.

दुय्यम निबंधकांच्या टेबलावर हे निसटलं. असं निसटतं, आणि कायद्यानं ते गृहीत धरलेलं आहे. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाचं कलम ३३-अ नेमकं त्यासाठी आहे: चुकीनं किंवा अन्य कारणानं अपुऱ्या मुद्रांकाचा दस्त नोंदवला गेला असेल, तर नोंदणी अधिकारी मूळ दस्त मागवू शकतो, पक्षकाराचं म्हणणं ऐकून, लेखी कारणं नोंदवून तो अटकावून ठेवू शकतो आणि मग मुद्रांक जिल्हाधिकारी कलम ३९ खाली तूट व दंड ठरवतात. म्हणून ‘त्यांनीच नोंदवला, मग आता कसं मागतात?’ हा प्रश्न कितीही स्वाभाविक असला, तरी सुनावणीत त्याचा उपयोग होत नाही. नोंदणीचा शिक्का दस्त नोंदवल्याचा पुरावा असतो. शुल्क पुरेसं आहे असा दाखला हवा असेल तर कलम ३१ खाली अभिनिर्णयासाठी वेगळा अर्ज करावा लागतो, आणि सही झालेल्या दस्तासाठी तो सहीनंतर महिन्याभरात करायचा असतो. घर घेणाऱ्यांपैकी फार थोडे लोक तो करतात.

यातल्या खरेदीदार बाई, त्यांना मी ताई म्हणते, नोटीस घेऊन माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांच्या मनात दोनच गोष्टी होत्या. एक, शेजाऱ्यांनी सांगितलं होतं की अशा नोटिसांकडे दुर्लक्ष केलं तरी चालतं. दोन, ओळखीच्या एका एजंटनं तीस हजारात ‘फाइल बंद करून देतो’ असं म्हटलं होतं. पहिल्या गोष्टीबद्दल मी त्यांना कलम ४६ दाखवलं: न भरलेलं शुल्क आणि दंड जमीन महसुलाच्या थकबाकीसारखा वसूल होतो, म्हणजे बोजा चढू शकतो आणि जप्तीही होऊ शकते. दुसऱ्या गोष्टीबद्दल एवढंच सांगितलं की तुटीची फाइल रोखीनं बंद होत नाही. ती सरकारी पैसे भरायच्या ग्रास या ऑनलाइन प्रणालीवर निघालेल्या चलनानं आणि दस्तावरच्या दाखल्यानं बंद होते. हे दोन्ही हातात नसतील तर पुढच्या तपासणीत तोच आक्षेप पुन्हा निघतो, आणि तोपर्यंत दंड वाढलेला असतो.

मग मी नोटिशीला जोडलेला हिशेब मागितला. तो जोडलेलाच नव्हता. नोटिशीत फक्त एकूण तूट आणि ‘तपासणी पथकाचा आक्षेप’ एवढा उल्लेख होता. माझ्या मते नोटीस आल्यावर सर्वात आधी करायचं काम हेच आहे: आक्षेपाच्या परिच्छेदाची आणि मूल्यांकनाच्या तक्त्याची प्रत लेखी अर्ज देऊन मागायची, आणि अर्जाच्या आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्यायचा. दिलेल्या सात दिवसांच्या आतच हा अर्ज द्यावा, म्हणजे उत्तर आलं नाही म्हणून एकतर्फी आदेश होत नाही. आम्ही तेच केलं. दिवाळी मध्ये आली, पण चारच दिवसांत प्रत मिळाली.

तक्ता पाहिल्यावर सगळं स्पष्ट झालं. पथकानं बाजारमूल्य ६३ लाख न धरता ७५,६०,००० धरलं होतं. त्यावर सात टक्के म्हणजे ५,२९,२०० रुपये, त्यातून भरलेले ४,०८,००० वजा केले की १,२१,२०० उरतात. प्रश्न होता तो ६३ चे साडेपंचाहत्तर लाख कसे झाले हा. फ्लॅटचं क्षेत्रफळ ९० चौरस मीटर. इमारतीच्या वयाचा घसारा वजा जाऊन दर चौरस मीटरला ७०,००० रुपये. ९० गुणिले ७०,००० म्हणजे ६३ लाख. पथकानं मात्र ९० ला आधी १.२ नं गुणलं होतं आणि १०८ चौरस मीटरवर दर लावला होता.

हा १.२ चा गुणक बनावट नाही. मूल्य दर तक्त्यातले फ्लॅटचे दर बांधीव क्षेत्रासाठी असतात. दस्तात फक्त चटई क्षेत्र, म्हणजे भिंतींच्या आतली वापराची जागा, दिलेलं असेल तर ते बांधीव करण्यासाठी गुणक लावावा लागतो, आणि रेरापूर्व जुन्या इमारतींच्या चटई क्षेत्राला तो १.२ असतो. म्हणजे पथकानं ९० चौरस मीटर हे चटई क्षेत्र समजलं होतं. प्रत्यक्षात चटई क्षेत्र ७५ होतं आणि त्याला १.२ नं गुणूनच ९० आले होते. एकाच क्षेत्राला गुणक दोनदा लागला होता.

असा गैरसमज कुठून होतो हे सांगायला हवं, कारण पुण्यातल्या जुन्या दस्तांत तो वारंवार दिसतो. तपासणी करताना पूर्ण दस्त वाचला जातोच असं नाही. बऱ्याचदा सूची क्रमांक २ वरून, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताच्या सारांशावरूनच काम होतं. तिच्यात क्षेत्रफळाच्या रकान्यात या दस्तापुरतं ‘९० चौ.मीटर’ एवढंच छापलेलं होतं, बांधीव की चटई याचा शब्द नाही. दस्ताच्या परिशिष्टात मात्र ‘७५ चौ.मी. चटई, म्हणजे ९० चौ.मी. बांधीव’ असं नीट लिहिलेलं होतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दस्ताच्या शेवटी लागलेल्या मूल्यांकन पत्रकात, जे नोंदणीच्या वेळी त्यांच्याच प्रणालीतून निघालं होतं, क्षेत्राचा प्रकार ‘बिल्ट अप’ असा छापलेला होता. म्हणजे आमच्या बाजूचा सर्वात भक्कम पुरावा सरकारी दप्तरातच होता.

आता उत्तर कसं लिहायचं हा प्रश्न होता. ताईंच्या नवऱ्याचं म्हणणं होतं की सगळीच तूट नाकारावी. पथक एका मुद्द्यावर चुकलंय हे दाखवलं की दुसराही मुद्दा ढिला पडेल, असं त्यांना वाटत होतं. मला हे पटलं नाही. सवलतीचा मुद्दा कागदावर उघड होता: पहिल्या पानावर पुरुषाचं नाव आणि चलनावर सहा टक्के. त्यावर वाद घालायला जागा नव्हती, आणि वाद घालत बसलो असतो तर प्रत्येक जादा महिन्याला दंड वाढला असता. कलम ३९ चा दंड दस्त करून दिल्याच्या तारखेपासून मोजतात, नोटिशीच्या तारखेपासून नाही. दर महिन्याला, किंवा महिन्याच्या भागाला, तुटीच्या दोन टक्के. ६८,००० च्या तुटीवर हे महिन्याला १,३६० रुपये होतात. दंड कमी करण्याचा किंवा सोडून देण्याचा अधिकार त्या पातळीवर नाही. दर कायद्यातच ठरलेला आहे. ‘साहेबांना विनंती करू’ यावर वेळ घालवण्यात अर्थ नव्हता.

नवऱ्याचं नाव काढून टाकलं तर सवलत परत मिळेल का, असंही त्यांनी विचारलं. नाही मिळणार. शुल्क दस्त झाला त्या दिवशी तो जसा होता तसा पाहून ठरतं. चूक दुरुस्ती पत्रानं लिहिण्यातली चूक सुधारता येते. एक खरेदीदार कमी करणं म्हणजे त्याचा हिस्सा दुसऱ्याकडे जाणं, त्यासाठी नवा दस्त आणि त्याचं वेगळं शुल्क लागतं, आणि जुन्या दस्ताची तूट तरीही जागेवरच राहते.

उत्तर दोन भागांत लिहिलं. पहिल्या भागात सरळ मान्य केलं की महिला खरेदीदार सवलत या दस्ताला लागू नव्हती, त्यामुळे ६८ लाखांवर एक टक्का म्हणजे ६८,००० रुपयांची तूट मान्य आहे आणि ती नियमानुसार दंडासह भरण्यास तयार आहोत. ही रक्कम भरून घेण्यासाठी शक्य तितक्या लवकरची तारीख द्यावी, अशी विनंतीही तिथेच केली. दुसऱ्या भागात बाजारमूल्याचा हिशेब नाकारला आणि त्याची कारणं पुराव्यासह दिली: परिशिष्टातली ओळ, मूल्यांकन पत्रकाची प्रत, विक्रेत्यानं २००६ मध्ये बिल्डरशी केलेल्या मूळ करारातलं क्षेत्रफळ आणि मंजूर नकाशावरून वास्तुविशारदानं दिलेला क्षेत्रफळाचा दाखला. योग्य बाजारमूल्य ६३ लाखच आहे, ते मोबदल्यापेक्षा कमी आहे, म्हणून शुल्क ६८ लाखांवरच लागेल, असा निष्कर्ष शेवटी एका वाक्यात दिला. उत्तर दीड पानाचं झालं. त्यात मान्य केलेला आकडा ठळक असल्यामुळे वाचणाऱ्याला आम्ही टाळाटाळ करतोय असं वाटलं नाही, आणि त्यामुळे दुसरा भाग लक्ष देऊन वाचला गेला असावा असं मला वाटतं.

एक व्यावहारिक अडचण राहिली होती. नोटिशीनं मूळ दस्त मागितला होता आणि मूळ दस्त बँकेकडे तारण होता. खूप लोक इथे घाबरतात. कलम ३३-अ मध्येच याची सोय आहे: मूळ दस्त हजर केला नाही तर नोंदणी अभिलेखातली खरी प्रत त्या कामापुरती मूळ दस्तासारखी धरली जाते. आम्ही बँकेचं तारण असल्याचं पत्र आणि दस्ताची प्रमाणित प्रत लावली. मूळ कागद हातात नाही एवढ्यावरून प्रकरण थांबत नाही, तसंच पक्षकाराला त्यातून सुटकाही मिळत नाही. बँकेला मात्र हे सुरुवातीलाच लेखी कळवावं. शेवटी दाखला मूळ दस्तावर घ्यावा लागतो आणि तेव्हा त्यांचा माणूस लागतो.

पहिली सुनावणी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात होती. विधानसभा निवडणुकीच्या कामामुळे ती पुढे गेली. मतदान २० नोव्हेंबरला झालं, आणि नवी तारीख २८ नोव्हेंबर मिळाली. इथे मला तारखांची घाई होती. दस्त १६ जून २०२२ चा, म्हणून १६ डिसेंबर २०२४ च्या आत भरलं तर तिसावा महिना, एक दिवस पुढे गेलं की एकतिसावा. फरक १,३६० रुपयांचाच होता, पण एवढ्यासाठी सुद्धा तारीख लक्षात ठेवावी, कारण मोठ्या तुटीच्या दस्तात हाच फरक दहा-पंधरा हजारांवर जातो. सुनावणीआधी मान्य रक्कम भरून घ्या असंही आम्ही विचारलं होतं. कार्यालयाचं म्हणणं पडलं की आदेशाशिवाय दंडाची आकारणी करता येणार नाही.

सुनावणी थोडक्यात आटोपली. अधिकाऱ्यांनी मूल्यांकन पत्रक आणि परिशिष्ट शेजारी ठेवून पाहिलं, आणि क्षेत्रफळाचा दाखला कोणत्या नकाशावरून दिला एवढं विचारलं. मंजूर नकाशाची प्रत सोबत होती. नुसता वास्तुविशारदाचा दाखला नेला असता तर कदाचित आणखी एक तारीख पडली असती. ताईंना मी आधी सांगितलं होतं की सवलतीबद्दल विचारलं तर जे घडलं ते सांगायचं, बँकेनं सांगितलं म्हणून नाव घातलं आणि चलन बदलायचं राहून गेलं. त्यांनी तसंच सांगितलं. हेतू पाहून दंड कमी होत नाही, पण उत्तरात एक आणि तोंडी दुसरं असं झालं की मान्य नसलेल्या भागावरचा विश्वासही कमी होतो.

लेखी आदेश ६ डिसेंबरला आला. बाजारमूल्याचा आक्षेप वगळला, तूट ६८,००० कायम, दंड तीस महिन्यांचा दोन टक्क्यांनी ४०,८००. एकूण १,०८,८०० रुपये. नोटिशीतला आकडा तसाच मान्य केला असता तर तूट १,२१,२०० आणि दंड ७२,७२० मिळून १,९३,९२० भरावे लागले असते. फरक ८५,१२० रुपयांचा. नोंदणी फी वाढण्याचा प्रश्नच नव्हता, कारण ती तीस हजारांच्या कमाल मर्यादेवर आधीच भरलेली होती. आदेश विरुद्ध गेला असता तर वरच्या प्राधिकरणाकडे, म्हणजे पुण्यातच बसणाऱ्या मुख्य नियंत्रक महसूल प्राधिकाऱ्यांकडे, साठ दिवसांत दाद मागता आली असती. तशी वेळ आली नाही.

मुद्रांक शुल्काच्या तुटीवर आणि दंडावर सूट देणारी २०२३ ची अभय योजना या दस्ताला का नाही, हे नवऱ्यानं दोनदा विचारलं, आणि ते विचारणं योग्यच होतं. ती योजना १ जानेवारी १९८० ते ३१ डिसेंबर २०२० या काळातल्या दस्तांसाठी होती. २०२२ चा दस्त तिच्यात बसत नव्हता. पुढे कधी नवी योजना येईल म्हणून वाट पाहणं हा जुगार आहे, कारण वाट पाहिलेल्या प्रत्येक महिन्याचा दंड नक्की असतो आणि योजना नक्की नसते.

पैसे १२ डिसेंबरला भरले, `gras.mahakosh.gov.in` वर, नोंदणी व मुद्रांक विभागाच्या खात्यात. चलन काढताना दोन गोष्टी जपाव्या लागतात. पहिली म्हणजे शुल्काची तूट आणि दंड आदेशात जसे वेगळे आहेत तसेच चलनात दिसले पाहिजेत, आणि नोंदणी फीच्या शीर्षाखाली चुकून भरले जाऊ नयेत. चुकीच्या शीर्षात गेलेले पैसे परत मिळवायला वेगळा अर्ज लागतो आणि तोपर्यंत तूट उभीच राहते. दुसरी गोष्ट म्हणजे चलनाच्या तपशिलात मूळ दस्त क्रमांक, वर्ष आणि आदेश क्रमांक लिहावा. नाहीतर पावती कोणत्या दस्ताची हे नंतर जुळवताना त्रास होतो. त्यानंतर चलनाची प्रत कार्यालयात देऊन ते डिफेस करून घेतलं, म्हणजे तेच चलन दुसऱ्या कामाला वापरता येणार नाही अशी त्याची नोंद झाली.

चलन भरलं की काम संपलं असं समजून बरेच जण इथेच थांबतात. कलम ४१ खाली दस्तावर लेखी शेरा घ्यावा लागतो की पुरेसं शुल्क आणि दंड वसूल झाला आहे. हा शेरा नसेल तर कलम ३४ प्रमाणे तो दस्त न्यायालयात पुरावा म्हणून स्वीकारताना अडचण येते, आणि घर विकताना पुढचा खरेदीदार किंवा त्याची बँक नोटिशीची नोंद पाहून थांबते. बँकेच्या अधिकाऱ्यांनी मूळ दस्त आणला, त्यांच्यासमोर शेरा झाला आणि दस्त पुन्हा त्यांच्याकडे गेला. ताईंकडे शेऱ्याच्या पानाची प्रत, आदेश आणि डिफेस झालेलं चलन असे तीन कागद राहिले.

या प्रकरणाचा दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात दंड लागलाच नाही. सुनावणीनंतर दोन दिवसांनी ताईंचा फोन आला. “मॅडम, माझ्या नणंदेनं एप्रिलमध्ये हडपसरला फ्लॅट घेतला. कागद त्याच माणसानं केले होते. तिच्याही दस्तात भावोजींचं नाव आहे.” मी सूची क्रमांक २ पाठवायला सांगितलं. मोबदला ५४ लाख, बाजारमूल्य त्याहून कमी, शुल्क भरलेलं ३,२४,०००. चोपन्न लाखांवर सहा टक्के. सात टक्क्यांनी ३,७८,००० व्हायला हवे होते. तूट ५४,०००. ‘लिहून घेणार’ च्या रकान्यात दोन नावं, एक स्त्री आणि एक पुरुष. फोनवरच कळलं.

त्यांना अजून नोटीस आली नव्हती, आणि दस्त २२ एप्रिल २०२४ चा, म्हणजे वर्ष झालेलं नव्हतं. इथे कलम ४० लागू होतं. अपुऱ्या मुद्रांकाचा दस्त एखाद्यानं स्वतःहून, करून दिल्याच्या तारखेपासून एका वर्षाच्या आत मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांपुढे नेला, तूट आपणहून दाखवली आणि ती भरायची तयारी दाखवली, आणि हे अपघातानं, चुकीनं किंवा तातडीच्या गरजेनं झालं अशी त्यांची खात्री झाली, तर ते अटकावणी आणि दंडाच्या मार्गानं न जाता फक्त तूट भरून घेऊ शकतात. ‘स्वतःहून’ हा शब्द कलमातला आहे, म्हणून नोटीस हातात पडल्यावर हा दरवाजा जवळजवळ बंद होतो. आणि ‘भरून घेऊ शकतात’ म्हणजे ते त्यांच्या समाधानावर आहे. म्हणून अर्जात चूक कशी झाली ते कागदानिशी दाखवावं लागतं.

नणंदेच्या अर्जाला आम्ही तीन कागद लावले: फक्त तिच्या नावाचा पहिला मसुदा, त्यानंतर बँकेनं सहमालकी मागितलेलं पत्र आणि त्या पत्राच्या आधीच्या तारखेचं चलन. चलनाची तारीख आधीची आणि बँकेच्या पत्राची नंतरची, यावरून शुल्क चुकवण्याचा हेतू नव्हता हे आपोआप दिसत होतं. अर्ज १६ डिसेंबरला दिला. जानेवारीत आदेश झाला: तूट ५४,००० भरून घ्यावी, दंड नाही. सोळा डिसेंबरपर्यंतचा दंड धरला असता तर तो आठ महिन्यांचा ८,६४० रुपये झाला असता. नोटीस येईपर्यंत थांबल्या असत्या, आणि ती ताईंच्यासारखी सव्वादोन वर्षांनी आली असती, तर दंड तुटीच्या निम्म्याहून जास्त झाला असता.

ज्यांनी १ एप्रिल २०२१ नंतर पुण्यात महिला सवलतीनं घर घेतलं आहे, त्यांनी सूची क्रमांक २ काढून तीन रकाने पाहावेत: ‘लिहून घेणार’ मध्ये सगळी नावं महिलांचीच आहेत का, मोबदला आणि बाजारभाव यांत मोठा आकडा कोणता, आणि भरलेलं मुद्रांक शुल्क त्या मोठ्या आकड्याच्या किती टक्के येतं. हडपसरच्या प्रकरणात याशिवाय दुसरा कुठलाही कागद बघायची गरज पडली नव्हती.